"आधी तिकडे रुजू व्हा, मग तुमच्या शहरात आणू": रिक्रूटरला काय उत्तर द्यायचं?

मुलाखती पार पडलेल्या असतात, पगाराचं जमलेलं असतं, आणि मग रिक्रूटर आवाज जरा मऊ करून म्हणतो, "एक छोटीशी गोष्ट आहे. सध्या जागा तिकडच्या ऑफिसात आहे. सहा महिने तिथे काढा, मग तुमच्या शहरात शिफ्ट करून देऊ."

यावर बहुतेक जण 'हो' किंवा 'नाही' एवढाच विचार करतात. खरं तर उत्तरं तीन आहेत: बदलीच्या भरवशावर हो, डेप्युटेशनवर हो, आणि नाही. पहिल्या दोन्हींत तुम्ही सहा महिने त्याच परक्या शहरात राहता, म्हणून ती सारखीच वाटतात. फरक पडतो तो सहा महिने संपल्यावर.

पहिल्या प्रकारात ऑफर लेटरवर 'बेस लोकेशन' म्हणून ते दुसरं शहर असतं. म्हणजे कोणी काहीच केलं नाही, तर तुम्ही तिथेच राहता. परत यायचं तर कोणाला तरी हालचाल करावी लागते: तुमच्या शहरातल्या ऑफिसात मंजूर जागा हवी, तुमच्या मॅनेजरने सोडायला हवं, तिकडच्याने घ्यायला हवं. यातलं काहीही रिक्रूटरच्या हातात नसतं. त्याचं काम तुम्ही रुजू झालात की संपतं. तो खोटं बोलतो असं नाही, पण त्याचा शब्द पाळायची वेळ येते तेव्हा तो तुमच्या फाइलजवळ नसतो.

दुसऱ्या प्रकारात बेस लोकेशन तुमचंच शहर असतं, आणि दुसऱ्या शहरात तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी पाठवलेलं असतं. इथे कोणी काहीच केलं नाही, तर मुदत संपली की तुम्ही परत येता. थांबवायचं असेल तर कंपनीला नवं पत्र काढावं लागतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी डेप्युटेशनच्या काळात राहण्याचा खर्च किंवा भत्ता कंपनी देते. म्हणजे लांबलेला प्रत्येक महिना कंपनीला महाग पडतो. बदलीच्या भरवशावर गेलात तर तोच महिना तुमच्या खिशातून जातो, आणि मग घाई फक्त तुम्हालाच असते.

माझ्या एका मित्राने फोनवरच हो म्हटलं होतं. सहा महिन्यांनी विचारलं तर प्रोबेशन नुकतंच संपत होतं. एचआरने नियम दाखवला: एका जागी किमान 12 महिने झाल्याशिवाय अंतर्गत बदलीचा अर्जच करता येत नाही. म्हणजे 'सहा महिने' हा शब्द दिला त्या दिवशीच तो कंपनीच्या नियमात बसत नव्हता. बारा महिने भरेपर्यंत रिक्रूटर नोकरी सोडून गेला होता, मॅनेजर बदलला होता, आणि नवा मॅनेजर म्हणाला, "मला याची काही कल्पना नाही." नोकरी सोडायचं म्हटलं तर दीड वर्षाच्या आत सोडल्यास कंपनीने दिलेले स्थलांतराचे पैसे परत करण्याचं कलम. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

म्हणून फोनवर हो किंवा नाही काहीच न म्हणता "मेलवर कळवतो" एवढं म्हणा आणि प्रश्न पाठवा. मी असं लिहीन:

"ऑफरबद्दल आभार. भूमिका मला आवडली आहे. ठिकाणाबाबत तीन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. ऑफर लेटरवर बेस लोकेशन कोणतं असेल? माझ्या शहरातल्या ऑफिसात या टीमसाठी मंजूर जागा आज आहे का, की ती पुढे निघणार आहे? अंतर्गत बदलीसाठी किमान किती महिने एका जागी असावं लागतं? बेस लोकेशन माझं शहर ठेवून सुरुवातीचे सहा महिने डेप्युटेशनवर यायला माझी तयारी आहे."

यातला दुसरा प्रश्न सर्वांत जास्त सांगून जातो. तिकडे पाठवण्याचं कारण प्रशिक्षण असेल, किंवा सगळी टीम तिथे बसते म्हणून काम शिकायचं असेल, तर मुदतीला अर्थ आहे, कारण शिकणं कधीतरी संपतं. तुमच्या शहरातलं ऑफिस अजून उघडायचं असेल, तर तारीख कोणाच्याच हातात नाही, ती पुढे सरकणारच असं धरून चाला. आणि तुमच्या शहरात जागाच मंजूर नसेल, तर हा 'तात्पुरता' शब्द फक्त तुम्ही रुजू व्हावं म्हणून आहे. ओळखायची एक सोपी खूण: "गेल्या वर्षात या टीममधून असे किती जण परत गेले?" असं विचारा. आकडा आला तर ठीक. "तसं होत असतं" असं उत्तर आलं, तर ते नाही असं समजा.

डेप्युटेशन नेहमीच मिळतं असं नाही. लहान कंपन्यांत ती पद्धतच नसते, आणि तुमच्या शहरात कंपनीचं ऑफिसच नसेल तर तिथलं बेस लोकेशन देणं अवघड असतं. तेव्हा बदलीच्या भरवशाचाच पर्याय उरतो, पण तो तोंडी ठेवू नका. अट ऑफर लेटरमध्ये किंवा त्याच्या जोडपत्रात हवी. मेलवर लिहून घेतलं म्हणून निर्धास्त राहू नका, कारण बऱ्याच ऑफर लेटरांत 'या पत्राआधीचं सगळं बोलणं आणि पत्रव्यवहार रद्द' अशा अर्थाची ओळ असते. त्या एका ओळीने तुमचा जपून ठेवलेला मेल निकामी होऊ शकतो.

जोडपत्रात मी एवढं मागेन: बदलीची तारीख, ठिकाण बदललं तरी पगार तोच, आणि तारीख चुकली तर काय. हे शेवटचं मागायला लोक लाजतात, पण अटीचा जीव त्यातच आहे. तारीख चुकली तर बदली होईपर्यंत आपल्या शहरातून काम करण्याची मुभा, किंवा स्थलांतराचे पैसे परत न करता नोकरी सोडण्याची मोकळीक, यातलं एक मागा. 'व्यवसायाच्या गरजेनुसार' हे शब्द त्यात घुसले, तर ती अट फक्त शोभेची उरते.

तिसरं उत्तर, नाही. हातात बरी नोकरी असेल किंवा घरातलं कोणी तुमच्यावर अवलंबून असेल, तर हे उत्तर वाटतं तितकं वाईट नाही. फक्त दार आपटू नका: "त्या शहरात येणं मला शक्य नाही. माझ्या शहरात जागा निघाल्यावर थेट रुजू व्हायला, किंवा तोवर घरून काम करायला मी तयार आहे." जागा खरंच सहा महिन्यांत निघणार असेल, तर हा मेल त्यांना उपयोगी पडतो.

माझा कौल: डेप्युटेशन मिळालं तर जा. लेखी, तारखेची बदली मिळाली तर विचार करून जा, आणि तिथलं घर भाड्याने घेताना लॉक-इनची मुदत त्या तारखेच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि रिक्रूटर दोन दिवसांनी म्हणाला की "मॅनेजरचा शब्द आहे, पण लेखी देता येणार नाही", तर शिफ्ट होण्याची गोष्ट मनातून काढून टाका आणि ऑफर पुन्हा वाचा: हाच पगार, हेच काम, आणि ते शहर किमान दोन वर्षं. तसं असतानाही घ्यावीशी वाटली, तर घ्या.