प्रेसनोट कापून वाचायची की बातमी ऐकण्यासाठी नव्याने लिहायची?

स्थानिक रेडिओसाठी बातमीपत्र लिहिणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा आयती प्रेसनोट असते. ती थोडी छाटून वाचता येते किंवा नव्याने लिहिता येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यातली एक नेहमीची बातमी दोन्ही पद्धतींनी लिहून पाहू. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाकीचे आकडे नमुन्याचे आहेत.

छाटलेली प्रेसनोट: «राधानगरी धरणाचे 4 स्वयंचलित दरवाजे उघडल्याने भोगावती नदीपात्रात एकूण 7,212 क्युसेक विसर्ग सुरू असून राजाराम बंधारा येथे पाणीपातळी 40 फूट 6 इंच नोंदवली गेल्याने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन जिल्हा प्रशासनाकडून करण्यात आले आहे.»

नव्याने लिहिलेली: «जिल्हा प्रशासनाने दिलेली माहिती. पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली आहे. आज सकाळी सात वाजता राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी चाळीस फूट सहा इंच होतं. धोक्याची पातळी अजून अडीच फूट दूर आहे. राधानगरी धरणाचे चार दरवाजे उघडले आहेत. वीजगृहाचं पाणी धरून सुमारे सात हजार दोनशे क्युसेक विसर्ग सुरू आहे. नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं, असं प्रशासनाने कळवलं आहे.»

सर्वांत मोठा फरक माहिती कुणाची याचा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि त्याच्यासोबत «असे अमुक यांनी सांगितले» हेही शेवटी जातं. वाचणारा मागे नजर टाकू शकतो. ऐकणारा मात्र तोवर सगळं विधान रेडिओ केंद्राचंच समजून बसलेला असतो. गावकरी म्हणतात पाणी घरात शिरलं आणि खातं म्हणतं शिरलं नाही, अशा वेळी हा घोळ महागात पडतो. तिथे प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीलाच «गावकऱ्यांचं म्हणणं आहे», «पाटबंधारे विभागाचं म्हणणं आहे» हवं. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या आपत्तीच्या सूचना तिथे चालतात. अशा सूचनेत स्रोत आधी आला की हा आधारही श्रोत्याला ऐकू येतो. फक्त खात्याचं संपूर्ण लांबलचक नाव सुरुवातीला नको, ते संपेपर्यंत कान दुसरीकडे जातो. «जिल्हा प्रशासन» पुरेसं आहे.

आकड्यांत जास्त काळजी घ्यावी लागते. कानाला सोपं म्हणून आपण साडे, सव्वा, पावणे यांच्याकडे वळतो, आणि बहुतेक ठिकाणी ते योग्यच असतं. पण इथे «साडेचाळीस फूट» लिहू नये. खरखरीत आवाजात ते «सत्तेचाळीस» ऐकू येऊ शकतं, आणि 47 फूट म्हणजे धोक्याच्या पातळीच्याही चार फूट वर. म्हणून «चाळीस फूट सहा इंच» बरं. विसर्गाचा आकडा मात्र सहज ढोबळ करता येतो, कारण 7,212 मधल्या बारा क्युसेकने श्रोत्याचा निर्णय बदलत नाही. पातळीचा आकडा ढोबळ करताना उंबरठा कधीच ओलांडू नये. 38 फूट 10 इंचाला «एकोणचाळीस फूट» म्हटलं की इशारा पातळी गाठल्याची चुकीची बातमी जाते. श्रोत्याला खरोखर उपयोगी पडतं ते «अजून अडीच फूट दूर». ती वजाबाकी आपण करून द्यायची, आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायची.

वेळ विसरू नका. सातची पातळी आठच्या बातमीपत्रात «आता» होत नाही. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की उघडतात, त्यामुळे दरवाज्यांची संख्या वाचण्याआधी पुन्हा विचारून घ्यावी.

नव्याने लिहिण्याची किंमतही आहे. बातमी वाचायला थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे ठरलेल्या मिनिटांत एखादी बातमी गळते. मी ती गळू देईन. आठ बातम्यांतली एकही नीट न कळण्यापेक्षा सहा कळलेल्या बऱ्या. लहान वाक्यांचा अतिरेकही टाळावा. सगळी वाक्यं चार-चार शब्दांची झाली की वाचन तुटक होतं आणि «म्हणून», «त्यामुळे» निसटतात. एका वाक्यात एक माहिती आणि ती एका दमात वाचता यावी, एवढंच माप ठेवा. मोठ्याने वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागला, तर वाक्य तिथे तोडा.

छाटलेली प्रेसनोट मी एकाच ठिकाणी निवडेन, ती म्हणजे आदेशाची बातमी. जमावबंदी कुठून कुठपर्यंत, कोणता पूल कोणत्या वाहनांसाठी बंद, इथे सोपं करताना अर्थ सरकू शकतो. आदेशातले शब्द तसेच ठेवा, वाक्यं तोडा आणि आदेश कुणाचा ते आधी सांगा.