खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी टाळण्यासाठी: इंजेक्शन, पायमोजे आणि वॉकर यांचा काही महिन्यांचा अनुभव

सासूबाई घरातच घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि मिरजेतील एका रुग्णालयात त्यांचा अर्धा सांधा बदलण्यात आला. डिस्चार्जच्या वेळी आमच्या हाती तीन गोष्टी आल्या: पोटात घ्यायची इंजेक्शने, पांढरे घट्ट पायमोजे आणि वॉकर. सांगलीत घरी आणल्यानंतर ही सारी व्यवस्था मीच पाहिली. तिन्हींचा हेतू एकच, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ न देणे. कारण अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. मात्र तिन्हींचे वजन सारखे नाही, आणि हे आम्हाला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

खरे काम इंजेक्शनचे आहे. एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिलिटरची भरलेली सिरिंज, दिवसातून एकदा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते साधारणतः २८ ते ३५ दिवस चालू ठेवतात. रुग्णालयातून घरी आल्यावर धोका टळला, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात गुठळ्या अनेकदा घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत होतात, म्हणून टाके निघाले तरी इंजेक्शन थांबवायचे नसते. पाठीत भूल दिलेली असल्यामुळे पहिले इंजेक्शन केव्हा द्यायचे हे भुलीच्या डॉक्टरांनीच ठरवले. मणक्याजवळ रक्तस्राव होऊ नये म्हणून भूल आणि इंजेक्शन यांत ठरावीक अंतर राखावे लागते.

सिरिंजमध्ये हवेचा एक लहान बुडबुडा असतो आणि हात आपोआप तो काढून टाकायला जातो. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर तो काढायचा नाही, कारण त्यासोबत औषधाचा थेंब वाया जाऊ शकतो. रुग्णाला आडवे झोपवून बेंबीपासून निदान पाच सेंटिमीटर दूर, कुशीकडच्या बाजूला कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत घालायची, सावकाश औषध सोडायचे आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर ती जागा चोळायची नाही. चोळण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण त्याने काळानिळा डाग मोठा होतो. एक दिवस उजवी बाजू, दुसऱ्या दिवशी डावी, असे मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवत असे. छोटे निळे डाग पडतातच, त्यांची काळजी नको. हिरड्यांतून रक्त येणे, शौचास काळे होणे किंवा जखमेतून नव्याने रक्त झिरपणे असे काही दिसले, तर मात्र पुढचे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

सुरू करण्यापूर्वी त्यांचे क्रिएटिनिन पाहिले होते, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत प्लेटलेटही पुन्हा तपासल्या. क्वचित एखाद्याला या औषधामुळेच साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट निम्म्याहून खाली जातात आणि उलट गुठळ्या होऊ लागतात. आणखी एक सूचना मला महत्त्वाची वाटते. शेजारपाजारचे लोक प्रेमाने सुचवतात ती डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके या काळात स्वतःहून देऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. आमचे भागले ते पॅरासिटामॉलवर.

पायमोज्यांबद्दल माझे मत मिश्र आहे. मेडिकल दुकानात आधी आम्हाला तपकिरी, जाड मोजे दाखवले. ते फुगलेल्या शिरांसाठी असतात, त्यांचा दाब जास्त असतो आणि ते मुख्यतः चालत्या-फिरत्या माणसासाठी आहेत. झोपून असलेल्या रुग्णासाठीचे पांढरे मोजे घोट्याशी साधारण १४ ते १८ मिलिमीटर पाऱ्याचा हलका दाब देतात आणि वर जाताना तो कमी होत जातो. माप अंदाजाने घ्यायचे नाही. सकाळी सूज कमी असताना घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवावा. मांडीपर्यंतचा मोजा सासूबाईंच्या पायावरून सतत गुंडाळून खाली येई. गुंडाळलेली कडा पायाला करकचून आवळते आणि ज्यासाठी मोजा घातला त्याच्या नेमके उलटे होते. डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे घेतले आणि तो त्रास संपला.

रोज स्नानाच्या वेळी मोजे काढून टाच, घोटा आणि बोटे पाहावीत. मधुमेहामुळे पाय बधिर असेल किंवा पायाचा धमनीतील रक्तपुरवठा कमी असेल, तर हे मोजे मुळीच घालू नयेत. आत जखम होत असली तरी रुग्णाला कळत नाही. ब्रिटनमधील २०२० च्या एका चाचणीत, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर इंजेक्शन चालू असताना मोज्यांची भर घातल्याने विशेष फायदा दिसला नव्हता. ती चाचणी मोडलेल्या खुब्याची नव्हती, तरी मोजे घसरल्यावर घाबरून जाण्याचे माझे प्रमाण त्यानंतर कमी झाले. काही महिन्यांत धुऊन धुऊन त्यांचे लवचीकपण गेले, तोवर त्यांची गरजही संपली होती.

चालणे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू झाले. पोटरीचे स्नायू हापशासारखे काम करतात, प्रत्येक पावलागणिक शिरांतले रक्त वर ढकलतात. अंथरुणावर हा हापसा बंद असतो. म्हणून जागे असताना तासातासाला पावले खाली-वर हलवायची आणि चालण्यापूर्वी साधारण तासभर आधी वेदनेची गोळी द्यायची. गोळीचा हा मेळ साधल्याखेरीज सासूबाई वॉकरला हात लावत नसत, आणि मला ते रास्तच वाटे. उठवताना आधी काही मिनिटे पाय खाली सोडून बसवावे, नाहीतर चक्कर येते.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रसंग आला. शस्त्रक्रियेच्या पायाला थोडी सूज असतेच, त्यामुळे नुसत्या नजरेने काही ठरत नाही. फिजिओथेरपिस्टनी मला गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली पेनाने खूण करून शिवणकामाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या रोज मोजायला सांगितले होते. फरक बरेच दिवस दीड सेंटिमीटरच्या आसपास होता, तो एकाएकी तीनच्या पुढे गेला. दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून अधिक फरक हे गुठळीच्या संशयाचे एक लक्षण मानले जाते, म्हणून त्याच दुपारी डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घेतले. गुठळी निघाली नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी सासूबाई दिवसभर पाय लोंबकळत ठेवून खुर्चीत बसत होत्या, त्याची ही सूज होती. खुर्चीत बसणे म्हणजे चालणे नव्हे, हे सर्वांना समजावून पाहुण्यांच्या वेळा ठरवल्या. बसताना पाय स्टुलावर आणि दर तासाला घरातल्या घरात एक फेरी असा नेम केला. काही दिवसांत फरक पूर्वीइतका झाला. पोटरी गरम, दुखरी आणि एकाच बाजूला सुजलेली असेल तर डॉप्लरला उशीर करू नये. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर टेप घेऊन बसायचे नाही, थेट १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जायचे. वापरलेल्या सिरिंज मी झाकणाच्या जाड प्लास्टिक बरणीत साठवल्या आणि शेवटच्या तपासणीच्या वेळी रुग्णालयातच परत दिल्या. घंटागाडीत टाकल्या तर त्या कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचतात.