विनाइलच्या पडद्याऐवजी गिम्प: काही महिन्यांच्या वापरानंतर

वस्तूंच्या फोटोंमागे लावायला ऑनलाइन मागवलेला राखाडी विनाइलचा पडदा घडी घालून आला आणि ती घडी शेवटपर्यंत गेली नाही. उन्हात टाकला, उलट बाजूने गुंडाळून ठेवला, काही उपयोग नाही. विक्रेत्याचं म्हणणं एकच: पाकीट उघडलं, आता परत घेणार नाही. बाराशे रुपये गेले. दुसरा पडदा विकत घ्यायचा नाही हे तेव्हाच ठरवलं आणि वहिनींच्या दुकानातल्या सावंतवाडीच्या लाकडी फळांसाठी पार्श्वभूमी गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करायला लागले. आता दुकानाचे बहुतेक फोटो याच पद्धतीने होतात, म्हणून हा सविस्तर अनुभव.

गिम्प फुकट आहे, त्यात एकावर एक ठेवायचे लेयर आणि ते एकमेकांत कसे मिसळायचे ते ठरवणारे ब्लेंड मोड आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते पट्ट्यांबद्दल. उजळ राखाडीकडून गडद राखाडीकडे जाणाऱ्या ग्रेडियंटमध्ये जे गोल पट्टे उमटतात, कांद्याच्या चकतीसारखे एकात एक, त्यांनी मला सगळ्यात जास्त छळलं.

ते का येतात ते एका उदाहरणावरून कळेल. माझा कॅनव्हास 2000 × 2000 पिक्सेलचा. मध्यभागी #6b6b6b, कोपऱ्यात #2e2e2e, आणि मधे गोलाकार ग्रेडियंट. 0 ते 255 च्या मापात हे 107 पासून 46 पर्यंतचं अंतर, म्हणजे फक्त 61 पायऱ्या. मध्यापासून कोपरा साधारण 1414 पिक्सेल लांब. म्हणजे एकेक पायरी 23 पिक्सेल रुंद झाली, आणि एवढ्या रुंद पायरीची कडा गडद भागात डोळ्याला सरळ दिसते. प्रिसिजन 16 किंवा 32 बिट केलं की काम करताना पायऱ्या बारीक होतात, ते करावंच. पण जेपेग शेवटी 8 बिटचंच असतं, तिथे त्या 61 पायऱ्या परत येतात. त्यांच्या कडा मोडायचा खरा उपाय म्हणजे नॉइज, चित्रभर विखुरलेला बारीक दाणा.

सुरुवातीला मी नॉइजचा लेयर Soft light मोडवर ठेवत असे, आणि बरेच दिवस मला तेच योग्य वाटत होतं. मधला भाग छान दिसायचा, कोपऱ्यांत मात्र पट्टे तसेच राहायचे. कारण त्या मोडच्या गणितात आहे. Soft light चा परिणाम मधल्या राखाडीवर सगळ्यात जास्त असतो आणि काळ्याकडे जाताना घटत जातो. 46 च्या आसपास तो मधल्याच्या जेमतेम 60 टक्के उरतो. पट्टे सगळ्यात जास्त दिसतात ते तिथेच, आणि नॉइज नेमका तिथेच कमी पडतो. आता माझं मत पक्कं आहे: नॉइजसाठी Grain merge. त्याचा हिशेब सोपा आहे, खालच्या पिक्सेलमध्ये वरचा मिळवायचा आणि 128 वजा करायचे. त्यामुळे उजेडात आणि अंधारात नॉइज सारखाच पडतो.

कृती अशी. नवा लेयर #808080 ने भरायचा आणि Filters > Noise > RGB Noise उघडायचं. Independent RGB ची खूण काढायची, नाहीतर रंगीत ठिपके येतात आणि जेपेग त्यांचे हिरवट-जांभळट डाग करून ठेवतं. Linear RGB चीही खूण काढायची, कारण ती असली की गडद ठिपके उजळ ठिपक्यांपेक्षा जास्त ठळक येतात. प्रमाण 0.1 च्या आसपास, मग 0.6 पिक्सेलचा Gaussian Blur, मोड Grain merge, आणि ओपॅसिटी नजरेने कमी करत आणायची. ब्लर कशाला, तर अगदी एकेका पिक्सेलचा नॉइज जेपेगच्या दाबात आधी मरतो. दाणा किंचित जाड असला तर टिकतो. व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकाला फोटो पाठवला की हा फरक लगेच कळतो.

नॉइज शेवटीच घालायचा, तोही अंतिम आकारात. मोठ्या चित्रात घालून नंतर चित्र निम्मं केलं तर चार पिक्सेलांचा एक होतो, त्यांची सरासरी निघते आणि दाणा मऊ पडतो. पट्टे हळूच परत येतात. तपासायचं असेल तर तात्पुरतं Colors > Levels उघडून डावा बाण 40 वर आणि उजवा 110 वर आणावा. लपलेला प्रत्येक पट्टा समोर येतो. पाहून झालं की रद्द करावं.

पोताचं काम यापेक्षा सोपं निघालं. Filters > Render > Noise > Solid Noise मध्ये Tileable ची खूण केली की रंगवलेल्या कापडासारखे ढग मिळतात. हा लेयर मी Soft light वर, ओपॅसिटी 15 ते 20 टक्के ठेवते. इथे तोच मोड शोभतो, कारण खरं कापडही अंधारात पोत हरवतं. अडचण येते ती ब्लरची. साधा Gaussian Blur कडेपाशी पलीकडच्या कडेचे पिक्सेल बघत नाही, म्हणून दोन तुकडे शेजारी लावले की जोड दिसतो. त्यासाठी Tileable Blur वापरावं. खात्री करायला Layer > Transform > Offset मधून लेयर अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवला की चारही कडा मधोमध येतात, आणि जोड असेल तर फुलीसारखा दिसतो. पोत आणि ग्रेडियंट मात्र वेगळ्या लेयरवरच हवेत. पोत कितीही पसरवता येतो, ग्रेडियंट नाही. दुकानाच्या आडव्या बॅनरसाठी तोच पोत पसरवते आणि ग्रेडियंट नवा ओढते.

फळ या पार्श्वभूमीवर बसवताना मी फोटो पांढऱ्या कार्डशीटवर काढते. त्याची एक प्रत Multiply वर, म्हणजे पांढरं नाहीसं होऊन सावली उरते. तिच्यावर दुसरी प्रत Normal मोडवर, मास्क लावून फक्त फळ ठेवलेली. कागद सगळीकडे 255 पर्यंत पांढरा हवा, नाहीतर फोटोची चौकट पुसट दिसत राहते. ग्रेडियंटचा उजळ भाग खऱ्या उजेडाच्या बाजूला सरकवला नाही तर सावली खोटी वाटते.

तक्रारी आहेत. 32 बिटला या आकाराचा एक लेयर 64 एमबी खातो आणि माझा जुना लॅपटॉप पाचव्या लेयरला धापा टाकतो. 16 बिटला ते निम्मं होतं आणि या कामाला तेवढं पुरतं. 2025 मध्ये आलेल्या गिम्प 3.0 ने मात्र मनापासून आनंद दिला. फिल्टर लावल्यावरही त्याचे आकडे नंतर बदलता येतात, त्यामुळे दाणा जाड वाटला तर नॉइज पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही.

लाखेची चकाकी हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. आंब्याच्या पोटाखाली पांढऱ्या कागदाचं प्रतिबिंब पडतं, आणि गडद पार्श्वभूमीवर ते परकं दिसतं. Multiply फक्त कागद घालवतो, फळावरचं प्रतिबिंब तसंच राहतं. चकचकीत नगांसाठी मी आता राखाडी कार्डशीटवरच फोटो काढते आणि त्यावर फक्त पोत आणि नॉइजचे लेयर टाकते. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमीच लागते, त्यामुळे ही सगळी मेहनत दुसऱ्या फोटोपासून पुढे आणि दुकानाच्या इन्स्टाग्रामसाठी.