ओबोची रीड: आठ महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरात इथे न्यू जर्सीत भाड्याने ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य, आणला, तेव्हा दुकानदाराने सोबत त्याच्या तोंडाशी लावायची एक रीड फुकट दिली. पहिले तीन आठवडे माझी खात्री होती की ओबोच बिघडलेला आहे. खालचा 'डी' फुंकला की नुसती हवा यायची, आणि वरचे सूर भोंग्यासारखे. ओबो परत द्यायला निघालो होतो. शिकवणाऱ्या बाईंनी माझी रीड काढून स्वतःची लावली, त्याच ओबोवर तोच 'डी' वाजवला आणि तो सहज आला. बिघाड सात सेंटिमीटरच्या त्या तुकड्यात होता. म्हणून हा अनुभव वाद्याचा नाही, रीडचा आहे.

ही रीड म्हणजे बोरूसारख्या पोकळ, उंच वाढणाऱ्या गवताच्या दोन पात्या. या गवताचं शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स, आणि दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातलं गवत त्यासाठी नावाजलेलं. दोन्ही पात्या समोरासमोर ठेवून एका बारीक धातूच्या नळीवर दोऱ्याने करकचून बांधतात. त्या नळीला स्टेपल म्हणतात. तिच्या खालच्या भागावर बुचाचं आवरण असतं आणि ते ओबोत बसतं. क्लॅरिनेटला एकच पाती असते आणि तिला टेकायला माउथपीस असतो. इथे एका पातीला आधार दुसऱ्या पातीचा, बाकी काही नाही. दोघींमधली फट जेमतेम एक मिलिमीटर, आणि टोक वहीच्या कागदाहूनही पातळ. ऑर्केस्ट्रा ज्या 'ए'वर सूर जुळवतो, तो 440 चा 'ए' वाजत असताना ही फट सेकंदाला 440 वेळा मिटते आणि उघडते. बोटं फक्त ठरवतात की आतला हवेचा स्तंभ किती लांबीचा राहील. त्याला हलवते ती रीड. ती नीट मिटत नसेल तर बोटं कितीही बरोबर पडोत, सूर येत नाही.

लहानपणी लग्नात सनईवाल्यांच्या वाद्याला दोऱ्याने लटकवलेल्या जादा पत्त्या आणि एक सुई पाहिली होती. शोभेची वाटायची. आता कळतं की तो त्यांचा विमा होता.

पहिल्या दोन महिन्यांत मी यंत्रावर बनवलेल्या चार रीडा घेतल्या, प्रत्येकी साधारण 14 डॉलरना. चारही डब्यांवर 'मीडियम सॉफ्ट' छापलेलं. एक इतकी मऊ निघाली की वरचे सूर खाली घसरत होते, दुसरी फुंकताना कानशिलं ठणकायची. डब्यावरच्या शब्दावर विसंबू नका, एवढंच तात्पर्य. डिसेंबरपासून मी बाईंच्या ओळखीच्या एका वादकाकडून हाताने तासलेल्या रीडा घेतो. त्या जवळजवळ दुप्पट महाग पडतात, पण तक्रार सांगितली की तो पुढची रीड त्याप्रमाणे तासून देतो.

खरी शिकवण मिळाली ती जानेवारीतल्या एका रीडने. तिच्यावर 'ए' 20 सेंटने चढा येत होता, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा, आणि खालचा 'डी' पुन्हा गायब. मी ओठ आवळत गेलो, सूर आणखी चढत गेला. बाईंनी ओबो बाजूला ठेवायला लावला आणि नुसती रीड तपासायला सांगितली. आधी ती दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजवली. मग स्टेपलचं खालचं तोंड बोटाने बंद करून टोकाकडून फुंकलं. हवा बाहेर पडायला जागाच नको, पण दोऱ्याच्या जरा वर, पात्यांच्या कडेला बारीक बुडबुडे आले. गळती. खालच्या सुरांना सर्वांत आधी मारते ती हीच. नळ दुरुस्तीला वापरतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन पट्टीचे दोन वेढे, अर्धे दोऱ्यावर आणि अर्धे पात्यांवर, दिले आणि बुडबुडे थांबले.

चढ्या सुराचं कारण वेगळं होतं. टोकाकडून पाहिलं तर फट डोळ्यासारखी वटारलेली. एवढी फट मिटवायला ओठ नकळत चावतात, आणि चावलं की सूर चढतो. ओल्या रीडच्या सपाट बाजू, दोऱ्याच्या लगेच वर, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायच्या आणि दहा सेकंद तसंच ठेवायचं. रीड कोरडी असेल तर हे चुकूनही करू नका, चिरते. मी एक चिरली आहे.

मग शेवटची परीक्षा. रीड दोऱ्यापर्यंत तोंडात घालून नुसती फुंकायची. कावळ्यासारखा कर्कश आवाज येतो, म्हणून इंग्रजीत त्याला 'क्रो'च म्हणतात. अमेरिकी पद्धतीने लांब तासलेल्या रीडमध्ये त्या कावकावीत 'सी' हा सूर दोन सप्तकांत एकदम ऐकू यायला हवा. माझ्या रीडमधून आता तो येत होता. ओबोवर लावली, 'ए' आता फक्त 5 सेंटने चढा राहिला आणि 'डी' बोलला. युरोपात आखूड तासलेल्या रीडा वापरतात, त्यांना हा 'सी'चा नियम तसाच लावू नका.

मग सुरी घेऊन मीच का तासत नाही? एकदा तासली. टोकाचा एक कोपरा उडाला आणि रीड कचऱ्यात गेली. नवशिक्याने भिजवणं, दाबणं आणि पट्टी लावणं इथेच थांबावं. सूर जुळवायला रीड ओबोतून बाहेर ओढू नका, हेही आठवणीने सांगतो. आत पोकळी राहते आणि काही सूर डगमगायला लागतात. रीड पूर्ण आत बसवायची.

भिजवण्यातही मी चुकलो होतो. आधी तोंडात धरून भिजवायचो, त्यात लाळेने रीड लवकर कुजट होते. मग पाण्यात टाकून विसरायचो, आणि वीस मिनिटांनी ती फुगून वटारलेली मिळायची. आता औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी ठेवतो आणि दोन मिनिटांचा गजर लावतो.

थंडीत घरात हीटर सुरू असतो, तेव्हा कोरड्या हवेने फट मिटत जाते. जूनच्या दमटपणात तीच रीड वेगळीच वागते. म्हणून एकीवर भरवसा ठेवत नाही, तीन रीडा आळीपाळीने वापरतो. नवीला पहिले चार दिवस दहा मिनिटांपेक्षा जास्त वाजवत नाही. माझ्याकडे एक रीड साधारण पंधरा तास वाजते. नंतर आवाज पोकळ होतो आणि वरचे सूर खाली बसतात. डबी भोकांची घ्या. घट्ट झाकणाच्या डबीत माझ्या एका रीडला बुरशी आली होती.

कृत्रिम रीडही आठवडाभर उसनी वापरली. भिजवायला नको, रोज सारखीच वाजते. पण आवाज मला जरा सपाट वाटला, आणि एकीच्या पैशात हातच्या बऱ्याच रीडा येतात. शाळेच्या बँडमध्ये मुलं वाद्य कडेला ठेवून अर्धा तास वाट बघतात, तिथे ती सोयीची पडेल.

ज्यांचं वाद्य ओबो नसून 'बसून' आहे, त्यांच्यासाठी एक ओळ: त्या वाद्याची रीड मोठी असते आणि तिला स्टेपल नसतो. तिची नळीही त्याच गवताची, तारांनी आवळलेली असते, त्यामुळे फट बोटांऐवजी पक्कडीने तार दाबून बदलतात.

सध्या डबीत तीन आहेत. पहिली सरावाची, आता थकत आलेली. दुसरी चांगली, ती फक्त शिकवणीला. तिसरीचं आज दहा मिनिटांचं तिसरं सत्र झालं, आणि तिचा 'डी' अजून जरा उशिरा येतो.