पंख्याचा जुना डबा की नवा रेग्युलेटर?

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर अजून तो काळा चौकोनी रेग्युलेटर आहे. पंखा दोनवर ठेवला की तासाभरात डबा हाताला चांगला गरम लागतो. बिल तिथंच जळतं.

समजा, फुल स्पीडला ७५ वॅटचा पंखा हळू केल्यावर ०.२२ अँपिअर करंट घेतो आणि डब्यातला रेझिस्टन्स ४०० ओहम आहे. करंटचा वर्ग करून रेझिस्टन्सनं गुणा: सुमारे १९ वॅटची नुसती उष्णता. पंखा स्वतः २८ घेत असेल, तर मीटरवर ४७. म्हणजे ‘हळू केल्यानं काहीच वाचत नाही’ हेही खरं नाही; अर्धवट वाचतं.

कपॅसिटरवाल्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये तीच गती साधारण २९ वॅटमध्ये मिळते. रोज दहा तास धरले तर महिन्याला पाचेक युनिटांचा फरक. गोल फिरणारा ट्रायॅकवालाही वीज वाचवतो, पण रात्री पंखा गुणगुणतो; मी कपॅसिटरचा स्टेपवालाच घेईन. फुल स्पीडला मात्र तिन्ही सारखेच.