बसलेली इन्व्हर्टर बॅटरी: उठवायची की एक्स्चेंजला द्यायची?

इन्व्हर्टर अर्ध्या तासात ‘फुल’ दाखवतो आणि लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बीप सुरू होतो. ही तक्रार घेऊन दुकानात गेलात की चार सल्ले मिळतात. कोणी म्हणतं ॲसिड बदलून घ्या, कोणी म्हणतं पल्सवालं यंत्र लावा, कोणी बॅटरी ठेवून जा म्हणतं, दोन-तीन दिवस चार्जिंगला लावतो. चौथा सरळ नवी घ्यायला सांगतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. यातला तिसरा सल्ला बऱ्याच बॅटऱ्यांना लागू पडतो, चौथा उरलेल्यांना. कोणती बॅटरी कुठल्या गटातली हे मात्र ॲसिडचा दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरने बॅटरीतले सहाही सेल पाहिल्याशिवाय कळत नाही.

खालचे आकडे घरात सर्रास दिसणाऱ्या 12 व्होल्ट, 150 एएच ट्युब्युलर बॅटरीचे आहेत. यूपीएसमधल्या सीलबंद बॅटरीत ग्रॅव्हिटी, म्हणजे हा ॲसिडचा दाटपणा, बघता येत नाही आणि पाणीही घालता येत नाही. ती बसली की बदलणंच बरं.

प्लेटवर नेमकं काय होतं

बॅटरी वापरताना ॲसिडमधला सल्फेट दोन्ही प्लेटवर जाऊन बसतो आणि शिशाचं सल्फेट तयार होतं. हा बिघाड नव्हे, बॅटरी चालतेच अशी. हे ताजं सल्फेट अगदी बारीक कणांचं असतं, त्यामुळे लगेच चार्ज केलं तर ते विरघळून परत शिसं आणि ॲसिड होतं. सल्फेट ॲसिडमध्ये गेल्यामुळेच चार्ज झालेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी वर असते. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला ती साधारण 1.240 भरते.

बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडे-महिने राहिली की गोष्ट बदलते. बारीक कण हळूहळू विरघळतात आणि तेच सल्फेट शेजारच्या मोठ्या कणांवर जाऊन बसतं, म्हणजे मोठे आणखी मोठे होत जातात. बॅटरी उतरलेली असताना ॲसिड पातळ असतं आणि पातळ ॲसिडमध्ये हे सल्फेट जास्त विरघळतं, म्हणून ही देवघेव तेव्हाच वेगाने चालते. उन्हाळ्याची गरमी तिला आणखी जोर देते. पिठीसाखर पाण्यात क्षणात विरघळते आणि तेवढ्याच वजनाची खडीसाखर तासभर तळाशी राहते, तसंच इथे आहे. पदार्थ तोच, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कमी.

चार्जिंगमध्ये सल्फेट आधी विरघळावं लागतं, मगच करंट त्याचं शिसं करू शकतो. मोठे खडे करंटच्या मागणीइतक्या वेगाने विरघळत नाहीत, आणि सल्फेट स्वतः वीज वाहून नेत नाही. मग व्होल्टेज झपाट्याने चढतं आणि करंट पाण्याचे बुडबुडे काढण्यात खर्च होतो. इन्व्हर्टर फक्त व्होल्टेज बघतो. 14.4 च्या आसपास आकडा दिसला की काम झालं समजून तो हात आखडतो. ‘फुल’चं कोडं ते हे.

रोज वापरात असलेल्या बॅटरीतही हे घडतं. वीज बराच वेळ जाते, चार्जिंगला कमी तास मिळतात आणि बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही. पूर्ण चार्ज होऊन बुडबुडे सुटले नाहीत की ॲसिड ढवळलं जात नाही, दाट ॲसिड तळाशी साचतं आणि प्लेटचा खालचा भाग आधी कडक होतो.

दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून

समजा पहिली बॅटरी कोकणातल्या एका घरातली. दोन वर्षं वापरलेली, गणपतीनंतर घर बंद झालं, मेन स्विच पाडला, पण बॅटरीची वायर इन्व्हर्टरलाच राहिली. मे महिन्यात घर उघडलं. दुसरी पुण्यातल्या दुकानातली, पाच वर्षं रोज राबलेली. दोन्ही इन्व्हर्टरवर ‘फुल’ होईपर्यंत चार्ज केल्या, काही तास विसावू दिल्या आणि मग ग्रॅव्हिटी पाहिली:

| सेल | बंद घरातली | दुकानातली |
|---|---|---|
| 1 | 1.165 | 1.200 |
| 2 | 1.170 | 1.195 |
| 3 | 1.165 | 1.200 |
| 4 | 1.160 | 1.090 |
| 5 | 1.170 | 1.195 |
| 6 | 1.165 | 1.200 |

टर्मिनलवर मीटर लावला तर पहिली जेमतेम 12.0 दाखवेल आणि दुसरी 12.1. नुसतं व्होल्टेज पाहणारा दुसरीलाच बरी म्हणेल. मी मात्र पहिलीवर मेहनत घेईन. तिचे सहाही सेल सारखेच खाली आहेत, म्हणजे सगळ्यांत सल्फेट अडकलंय आणि बाकी यंत्रणा बहुधा शाबूत आहे. दुसरीचा चौथा सेल शेजाऱ्यांपासून तुटलाय. तो आतून शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, आणि ते दुखणं कुठल्याही चार्जिंगने जात नाही.

हे वाचन खरं धरायला एक अट आहे. कुणी ॲसिड सांडलेलं किंवा मध्ये बदललेलं नसावं. तसं झालं असेल तर आकडा प्लेटबद्दल काहीच सांगत नाही.

तीन उपाय

आधी सावकाश चार्जिंग. प्लेट उघड्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पूर्ण लेव्हल शेवटी करायची, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. बॅटरी इन्व्हर्टरपासून सोडवायलाच हवी. हे काम 15.5 ते 16 व्होल्टपर्यंत जातं आणि ते इन्व्हर्टरला सोसणारं नाही. करंट बांधून देता येईल असा दुकानातला चार्जर लागतो. 150 एएचला मी 3 अँपिअर धरतो. खडा आपल्या गतीने विरघळतो, करंट वाढवून त्याला घाई करता येत नाही. जास्त करंट दिला तर फक्त पाणी उडतं आणि बॅटरी तापते. ॲसिड 45 अंशांवर जाऊ लागलं तर थांबून निवू द्यायचं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघडी खोली हवी, जवळ देवघर किंवा गॅस नको, आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढायची नाही.

बॅटरी उठतेय हे मीटरवर बघता येतं. सुरुवातीला 3 अँपिअरलाही व्होल्टेज एकदम 15 च्या वर उडी मारतं. मग काही तासांनी ते खाली येऊ लागतं. सल्फेट विरघळून करंटला वाट मिळाल्याची ती खूण. त्यानंतर ते पुन्हा सावकाश चढतं आणि ग्रॅव्हिटीही सोबत चढते. बंद घरातल्या बॅटरीत पहिल्या दिवसाअखेर 1.185, तिसऱ्या दिवशी 1.225 ते 1.230 असं काहीसं अपेक्षित आहे. दोन-दोन तासांच्या अंतराने तीनदा पाहून ग्रॅव्हिटी हलली नाही की थांबायचं. 72 तासांत तीनेक युनिट बॅटरीत जातात, चार्जरचं नुकसान धरून पाचेक. खर्च वेळेचा आहे, विजेचा नाही.

दुकानातल्या बॅटरीला हेच केलं तर पाच सेल फसफसतील आणि चौथा शांत राहील. झाकण काढून कान दिला तरी फरक कळतो. तिथेच निर्णय होतो.

आता ॲसिड बदलणं. याच्या मी ठाम विरोधात आहे. जुनं ओतून 1.240 चं नवं भरलं की हायड्रोमीटर त्याच क्षणी सुंदर आकडा दाखवतो, पण सल्फेट प्लेटवर होतं तिथेच आहे. उलट दाट ॲसिडमध्ये ते आणखी कमी विरघळतं. पुढे चार्जिंगने थोडं सुटलंच तर ग्रॅव्हिटी हवी त्यापेक्षा वर जाते आणि पॉझिटिव्ह प्लेटचा सांगाडा झिजवते. बॅटरी उपडी करताना तळाचा गाळ प्लेटांमध्ये अडकून नवा शॉर्ट होतो तो वेगळाच. वॉरंटीतल्या बॅटरीत तर हात घालूच देऊ नका. ओतलेल्या ॲसिडमध्ये शिसं असतं आणि ते गटारात किंवा परसात जातं, हेही विसरू नये.

बॅटरीत टाकायच्या पावडरी आणि एप्सम सॉल्टची गोष्ट याच जातीची. अमेरिकेत 1953 मध्ये एडी-एक्स2 नावाच्या अशाच पावडरीवरून मोठा वाद झाला. सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेटचं ते मिश्रण बॅटरी सुधारत नाही, असं तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने चाचण्यांवरून सांगितलं. म्हणून संचालक ॲलन ॲस्टिन यांच्याकडे राजीनामा मागण्यात आला. शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर ते पदावर राहिले आणि नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने ब्युरोचाच निष्कर्ष उचलून धरला.

पल्स यंत्राबद्दल मी इतका कठोर नाही. करंटचे झटके देऊन खडे फोडतो असा त्याचा दावा असतो. पण ते आठवडाभर चार्जरसोबत लावलं तर सुधारणा झटक्यांची की आठवडाभराच्या सावकाश चार्जिंगची, हे वेगळं काढणं फार अवघड. जे यंत्र बॅटरीवरच चालतं ते तर उतरलेल्या बॅटरीतून आणखी वीज ओढतं. घरात असेल तर वापरा, त्यासाठी पैसे मोडू नका.

किती परत येतं

सगळं येत नाही. शिशाचं सल्फेट झालं की ते मूळ शिशाच्या अडीच पटींहून जास्त जागा घेतं. महिनोन्महिने तसं राहिलं की प्लेटमधला मालमसाला फुगून सैल होतो. नंतर सल्फेटचं शिसं झालं तरी सुटून तळाशी गेलेला भाग परत चिकटत नाही. म्हणून ग्रॅव्हिटी 1.230 आली तरी लोडवर बघायचंच. बॅटरी रात्रभर विसावली की 75 वॉटचे दोन पंखे लावा. इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून सुमारे 15 ते 16 अँपिअर जातात. नवी बॅटरी आठेक तास टिकेल. सहा तासांच्या पुढे गेली तर ठेवावी. चारच्या आत बसली तर एकदा पुन्हा पूर्ण चार्ज करून तपासा, आणि तेवढाच वेळ टिकली तर एक्स्चेंजला द्या. मधल्या बॅटरीचा निर्णय गरजेवर आहे. संध्याकाळी तासभर लाइट जाणाऱ्या घराला ती आणखी वर्ष काढून देईल, दवाखान्याला मी ती देणार नाही.

वयही बघावं. पाच वर्षं राबलेल्या बॅटरीत सल्फेशनसोबत पॉझिटिव्हच्या शिगा गंजलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. अशा बॅटरीवर तीन दिवस घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. एक्स्चेंजला देताना ॲसिड न ओतता, आहे तशी द्या. भंगाराचा भाव दोन-तीन दुकानांत विचारा, कारण किंमत शिशाच्या वजनाला असते आणि बसलेल्या बॅटरीतलं शिसं काही कमी झालेलं नसतं.

बंद घरातली बॅटरी उठली आणि घर पुन्हा बंद करायचं असेल, तर ती आधी पूर्ण चार्ज करून एक टर्मिनल सोडवून ठेवा. इन्व्हर्टरचा स्विच बंद असला तरी तो थोडी वीज ओढू शकतो. बॅटरी आपणहूनही उतरते, म्हणून दर दोन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून वायर जोडून दिवसभर चार्ज करून घ्या आणि संध्याकाळी परत सोडवायला सांगा.