रात्री अकराचा डबा: खायचं, बंद करायचं, की दुसरं काही करायचं?

जेवण होऊन दीड-दोन तास झालेले असतात. घर झोपलेलं असतं. स्वयंपाकघरातला छोटा दिवा लागतो, शेव-चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडतं, आणि उभ्या-उभ्या दोन-तीन मुठी पोटात जातात. परभणीत आहार सल्ला देताना मी हे इतक्या बायकांकडून ऐकलंय, की आता बोलणं सुरू झाल्यावर पुढचं वाक्य मला आधीच कळतं: "मॅडम, भूक नसते हो. पण डबा उघडल्याबिगर झोपच लागत नाही."

यातून बाहेर पडायला लोक साधारण तीन वाटा धरतात. कडक बंदी, मोजून वाढून खाणं, किंवा खाण्याऐवजी मनाला निववणारं दुसरं काही. कोणती वाट कुणाला लागू पडेल ते एका बाईंच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

बाई बेचाळीस वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोज गावाकडे अपडाउन. घरी सासू-सासरे, नवरा, दोन मुलं. वजन वाढलं होतं, रात्री छातीत जळजळत होतं. माझ्याकडे आल्या त्या "रात्रीचं खाणं कसं थांबवू" हे विचारायला. मी त्यांना काहीच बंद करायला सांगितलं नाही. डब्याच्या झाकणाखाली कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या ठेवायला सांगितल्या, सात रात्रींसाठी. डबा उघडला की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, शेवटचं पोटभर कधी खाल्लं, आज काय झालं, आणि आत्ता समोर गार भाकरी-पिठलं ठेवलं तर खाईन का.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. पोटाची भूक असली की माणूस भाकरीलाही हो म्हणतो. मनाची असली की भाकरी नको वाटते. शेवच लागते, नाहीतर चॉकलेट, नाहीतर गूळ-तूप. ही कसोटी दर वेळी अचूक ठरते असं नाही, कारण ताणाच्या दिवशी दोन्ही भुका एकमेकींत मिसळलेल्या असतात. पण सात रात्रींच्या चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्या की चित्र बरंच स्पष्ट होतं.

त्यांच्या सातपैकी पाच रात्री डबा उघडला होता. त्यातल्या तीन रात्री "भाकरी खाईन" असं लिहिलेलं होतं. दिवस पाहिला तर कारण समोरच होतं. मधल्या सुट्टीत पोरांची खिचडी वाढण्यात स्वतःचा डबा अर्धा राहायचा. सहाला घरी आल्यावर चहा आणि दोन बिस्किटं. मग सगळ्यांची जेवणं उरकून साडेनऊला राहिलेलं ताटात घ्यायचं. म्हणजे दीड ते साडेनऊ, आठ तास चहावर. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री हिशेब मागतं, आणि ती मागणी बहुधा गोड-तेलकटाची असते. याला मन खंबीर करण्याचा सल्ला देऊन काही होत नाही.

उरलेल्या दोन रात्रींच्या चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. एका दिवशी शेताच्या वाटणीवरून दिराचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं: "अकरा वाजले की घर माझं होतं." हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. त्यांना शेव हवी होती ती याच्यासाठी. त्या तासाला कुणी हाक मारत नाही, आणि हाताला काहीतरी लागतं.

आता वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

आहे तसं चालू ठेवणं. याची बाजूही नीट मांडायला हवी. खाल्ल्यानं खरंच बरं वाटतं. कुरकुरीत, खारट, तळलेलं खाताना लक्ष तिकडे वळतं आणि डोक्यातला गोंधळ थोडा वेळ मागे पडतो. ते नाकारून काही बदलता येत नाही. महिन्यातून एक-दोनदा असं होत असेल तर मी त्यात हातही घालत नाही. रोजचं झालं की किंमत दिसायला लागते. तळलेल्या शेवेत 100 ग्रॅमला साधारण 550 कॅलरी असतात. तीन मुठी सत्तर ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे दोन मध्यम भाकरींच्या जवळपास. खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं, म्हणून झोप आणि शेवटचं खाणं यांत दोन-तीन तास हवेत. शिवाय तोच पदार्थ सकाळपेक्षा रात्री रक्तातली साखर जास्त चढवतो.

कडक बंदी. सगळ्यांना पहिली सुचते ती हीच, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर मोडते तीही हीच. बाईंनी श्रावणात करून पाहिली होती: नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही. आठ दिवस जमलं. नवव्या रात्री एक बिस्किट खाल्लं, आणि "आता मोडलंच आहे तर" म्हणत अख्खा पुडा संपला. बंदीचा स्वभावच असा आहे. ती एका बिस्किटाचं पुडाभर करते, आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून नाश्ता टाळला की रात्रीची भूक आणखी वाढते. बंदी चालते ती एका मर्यादित अर्थानं: माल घरात कमी आणायचा, डबा ओट्यावरून वरच्या फळीवर ठेवायचा. हात आपोआप जाण्याऐवजी क्षणभर विचार करावा लागेल, एवढंच त्यातून साधतं.

वाढून खाणं. ज्यांच्या चिठ्ठ्यांवर "भाकरी खाईन" जास्त वेळा येतं, त्यांनी ही वाट आधी धरावी. पण तिची सुरुवात रात्री होत नाही, संध्याकाळी सहाला होते. बाईंना सांगितलं, चहाच्या आधी एक धपाटं दह्यासोबत, नाहीतर वाटीभर सुशीला वरून शेंगदाणे घालून, नाहीतर मूठभर फुटाणे आणि एक केळं. आधी खाणं, मग चहा. उलटं केलं की चहा भूक मारतो आणि ती रात्री परत येते. दहाएक दिवसांत त्या तीन रात्रींपैकी दोन आपोआप मिटल्या.

तरीही रात्री खावंसं वाटलं तर एक वाटी भरून घ्यायची, डबा बंद करून जागेवर ठेवायचा, मग बसून खायचं, मोबाईल बाजूला ठेवून. सोपं वाटतं, पण मोबाईलचा भाग बायकांना सगळ्यात अवघड जातो. पडद्याकडे बघत खाल्लेली वाटी संपल्याचं मनाला कळत नाही आणि हात पुन्हा डब्याकडे जातो.

खाण्याशिवाय निवणं. दिराच्या फोनची रात्र आणि "घर माझं होतं" ही रात्र, यांच्यासाठी ही वाट. इथे बहुतेक सल्ले फसतात, कारण ते सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात: पुस्तक वाचा, ध्यान करा. खाण्यातून जे मिळत होतं, त्याच जातीचं काही हवं. बाईंना एकांत आणि अंगाला आराम हवा होता. म्हणून मागच्या अंगणात खुर्ची, पसरट टबात कोमट पाणी, त्यात पाय पंधरा मिनिटं, मग तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीनं घासणं. पाय गरम झाले की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. आपल्याकडच्या आज्यांनी काशाची वाटी उगाच जपून ठेवली नव्हती.

फोनच्या रात्रीसाठी दुसरं: श्वास चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडायला जास्त वेळ घेतला की छातीतली धडधड उतरते. खाण्याची ओढ लाटेसारखी चढते आणि बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पार करायला काहीतरी हवं असतं, आणि टबातले पाय तो पार करून देतात. रील्स बघणं मात्र यात धरू नका. त्यानं जागरण लांबतं, आणि जागरणानं भूक वाढते.

या वाटेची मर्यादा साफ आहे. रिकाम्या पोटी ती चालत नाही. आठ तास उपाशी बाईला पाय भिजवायला सांगणं म्हणजे तिच्या भुकेला खोटं ठरवणं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सहाचं खाणं, मग टब.

मधुमेह असेल तर आणखी जपावं लागतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना रात्री घाम, हात थरथरणं आणि भूक एकदम आली, तर ती मनाची भूक समजू नये. साखर मोजावी. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, आणि असं झाल्याचं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगावं. मोजायचं यंत्र जवळ नसलं तर वाट न बघता साखर घ्यावी. तळपायाची जाणीव कमी झालेल्यांनी पाणी आधी कोपरानं तपासावं, नाहीतर घरातल्या दुसऱ्याकडून बघून घ्यावं. पाय भाजले तरी त्यांना कळत नाही.

काही चिठ्ठ्या माझ्याकडे थांबत नाहीत, मी त्या पुढे पाठवते. खाणं सुरू झालं की थांबवताच येत नाही, असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, झोपेतून उठून खाल्लेलं सकाळी आठवत नसेल, तरीही तेच. झोपेच्या काही गोळ्यांनीही असं होतं, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. तालुक्याच्या गावाहून लगेच जाणं जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

बाईंनी शेवटी दोन वाटा एकत्र धरल्या. सहाचं धपाटं पक्कं, आणि टब ताणाच्या रात्रींना. डबा मुलांसाठी घरात राहिला, फक्त वरच्या फळीवर गेला. दीड महिन्यानंतरच्या सात चिठ्ठ्यांत डबा दोनदा उघडलेला होता. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं: "पाय भिजवले. नंतर वाटीभर चिवडा घेतला, बसून. दुसरी घेतली नाही. सासूबाई उठून आल्या, त्यांनीही पाय बुडवले."